टाकीच्या तोंडाशी उभं राहून काय बोलायचं

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी नवीन सेफ्टी ऑफिसर आहे. मासेमारी बंदीच्या काळात ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची, कलेक्शन टाकी साफ करायची आहे. कंत्राटदाराची आठ माणसं येतात, निम्मी परप्रांतीय. दरवर्षीचं छापील भाषण आहे, दोन पानांचं. मी वाचतो, ते माना डोलावतात आणि सही करतात. त्यांच्या डोक्यात राहील असं काय बोलू आणि कसं? दहा मिनिटं मिळतात.

उत्तर:

ती दोन पानं फाइलला राहू द्यात, तपासणीला लागतात. पण त्यात बहुतेक तीस-चाळीस सूचना असणार, आणि सगळ्या सारख्याच वजनाच्या: बूट घालावेत, तंबाखू खाऊ नये, मास्क लावावा, टाकीत एकट्याने उतरू नये. ऐकणाऱ्याला यातली कुठली जीव वाचवणारी आणि कुठली नुसती शिस्तीची, ते कळायला मार्ग नाही. मी लोटे, महाड आणि रत्नागिरी अशा तिन्ही एमआयडीसींत मिळून वीसेक वर्षं हे काम केलं. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही असंच वाचून दाखवायचो.

माझं मत कसं बदललं ते आधी सांगतो. एका कारखान्यात, नाव नको, सांडपाण्याच्या खड्ड्यात पंप अडकला म्हणून एक माणूस उतरला. सकाळीच मी पंचवीस मिनिटांचं भाषण दिलं होतं. तो खाली गेला, वाकला आणि तसाच आडवा झाला. वर उभ्या असलेल्या त्याच्या जोडीदाराने एक हाक मारली आणि तो शिडीवरून सरळ खाली गेला. तिसरा निघाला होता, त्याला आम्ही शर्टाला धरून मागे खेचला. पहिला वाचला नाही. दुसरा वाचला. आठ दिवसांनी दवाखान्यात मी त्याला विचारलं, सकाळीच सांगितलं होतं ना रे, कोणी पडला तर मागे उतरायचं नाही म्हणून? तो म्हणाला, "आठवलं होतं साहेब. पण हातात काहीच नव्हतं. मग काय बघत राहू?"

त्या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला. माझी सूचना त्याला पाठ होती, पण ती 'करू नका' अशी होती. दोस्त डोळ्यांसमोर पडतो तेव्हा माणसाचे पाय आपोआप निघतात. त्या वेळी 'उतरू नको' एवढंच डोक्यात असेल तर हातांना काही काम राहत नाही, आणि रिकामे हात-पाय आपलं जुनं काम करतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने 1986 मध्येच इशारा दिला होता की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त, साठ टक्क्यांच्या वर, वाचवायला गेलेले असतात. म्हणून तुमची दहा मिनिटं प्रामुख्याने टाकीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी आहेत. आत जाणाऱ्याला दोनच गोष्टी सांगायच्या. बाहेरच्याला काय करायचं ते त्याच्या हातात द्यायचं.

बोलण्याआधी तुमच्या टाकीत नेमकं काय होतं ते तुम्हाला स्वतःला स्पष्ट असायला हवं. मासळीच्या कारखान्यातली टाकी साध्या गटारापेक्षा वाईट असते, आणि त्याला कारण समुद्र आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण पावणेतीन ग्रॅम सल्फेट असतं. मासळीबरोबर, बर्फाबरोबर, धुण्याच्या पाण्याबरोबर ते टाकीत उतरतं. 1 जूनला बंदी लागली की माल थांबतो, पंप आणि पाण्यात हवा सोडणारं एरेशनही बहुतेक ठिकाणी बंद करतात. तळाशी खवले, आतडी, रक्त यांचा गाळ बसलेला असतो. हवा नसलेल्या त्या गाळातले जीवाणू सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तोच सडक्या अंड्यासारखा वास. हा वायू हवेपेक्षा थोडा जड, त्यामुळे तळाला आणि कोपऱ्यांत रेंगाळतो. आणि महत्त्वाचं म्हणजे बराचसा गाळातच अडकून बसलेला असतो. वरून गॅस मोजणारा मीटर सोडला तर आकडा चांगला दिसतो. माणूस उतरून पहिलं फावडं मारतो आणि मग तो सुटतो.

यातली रसायनं कामगारांना सांगायची नाहीत. पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग, तोही सांगायचा नाही. मीटर 10 ला वाजायला लागतो, 100 च्या आसपास नाक वास घेणं बंद करतं, 700 च्या वर गेलं तर दोन-चार श्वासांत माणूस खाली बसतो, हे तुमच्यासाठी आहे. त्यांना आकडा नको, आवाज हवा.

आता प्रत्यक्ष बोलणं. माझी पद्धत सांगतो, तुम्ही तुमच्या माणसांप्रमाणे बदला.

कॅन्टीनमध्ये बोलत नाही. टाकीच्या मॅनहोलपाशी नेतो, झाकण उघडायच्या आधी, सगळे अर्धगोलात. हातात कागद नसतो. तीन पायांचा ट्रायपॉड लावलेला असतो, दोर आणि तो गुंडाळून वर ओढणारा विंच जोडलेला असतो, ब्लोअर म्हणजे हवेचा पंखा ठेवलेला असतो. बोलताना ज्या वस्तूचं नाव घेईन तिला हात लावतो. गेल्या जूनमध्ये जे बोललो ते जवळजवळ तसंच लिहितो, कारण बोलीभाषेतलं लिहिल्याशिवाय त्याची लय कळणार नाही.

"या, जवळ या. मामा, तुम्ही पुढे या. या टाकीत काय आहे? घाण. बरोबर. घाणीत काय आहे? गॅस. गॅस दिसतो का? नाही. वास येतो का? येतो. किती वेळ येतो? सुकटीच्या बाजारात जाता ना? गेल्या गेल्या वास येतो. पाच मिनिटांनी येतो का? नाही येत. मग सुकट गेली का? सुकट तिथेच आहे. नाक गेलं. इथेही तेच. वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला नाही, नाक गेलं. वास गेला तर काय गेलं? नाक गेलं. पुन्हा सांगा. नाक गेलं.

"गोटी सोडा प्यायलात ना? बाटली नुसती ठेवली तर शांत. हलवली तर? फसफसते. हा गाळ तसाच आहे. शांत आहे तोवर शांत. फावडं मारलं की फसफसतो. म्हणून मीटर छातीला. कुठे? छातीला. बाहेर नाही, खिशात नाही. छातीला.

"आत जाणाऱ्याला एकच शब्द. वर. मीटर वाजला, वर. पंखा थांबला, वर. डोकं जड झालं, वर. फावडं हातात असेल तर? टाकून दे. साडेतीनशेचं फावडं, मी भरून देईन. मीटर वाजला? वर. पंखा थांबला? वर. डोकं जड? वर.

"आता बाहेरचा. बाहेरच्याला तीन शब्द. थांब, बोंब, ओढ. आतला पडला. पहिलं काय? थांब. दोन्ही हात या ट्रायपॉडच्या पायावर. दुसरं काय? बोंब. शिमग्याला मारता तशी. आणि ही शिट्टी. तिसरं? ओढ. विंच फिरव. उतरायचं का? उतरायचं नाही, हात कामात आहेत. थांब, बोंब, ओढ. तुम्ही सांगा. थांब, बोंब, ओढ. आता दादा, तुम्ही एकटे सांगा. आता करून दाखवा."

एवढंच. घड्याळ लावलं तर साडेचार-पाच मिनिटं. उरलेली पाच मिनिटं बोलण्यासाठी नाहीत, त्याविषयी पुढे सांगतो.

यात पुनरावृत्ती आहे, पण माझी कमी आणि त्यांची जास्त. मी तीनदा म्हटलं तर त्यांच्या कानावरून तीनदा जातं. त्यांनी तीनदा म्हटलं तर ते त्यांच्या तोंडात बसतं, आणि घाबरलेल्या माणसाला तोंडात बसलेलंच आठवतं. म्हणून प्रत्येक प्रश्न असा हवा की उत्तर एका-दोन शब्दांत येईल. "समजलं का?" हा प्रश्न मी बंद केला. त्याला उत्तर नेहमी "हो साहेब" असंच येतं.

दुसरी गोष्ट, एका कृतीला एकच शब्द. शाळेत आपल्याला तोच शब्द परत वापरू नका म्हणून शिकवलेलं असतं, आणि सेफ्टीची पत्रकं लिहिणारे ते इमानाने पाळतात. माझ्या जुन्या भाषणात एकाच पानावर 'टाकीतून बाहेर पडावे', 'जागा रिकामी करावी' आणि 'सुरक्षित स्थळी जावे' असं होतं. तिन्हीचा अर्थ एकच. ऐकणाऱ्याला त्या तीन वेगळ्या सूचना वाटतात. म्हणून आता 'वर' म्हणजे 'वर'. त्याला बाहेर नाही, निघ नाही, चल नाही. सुपरवायझर आणि कंत्राटदाराचा मुकादम यांनाही आदल्या दिवशी बजावून ठेवतो की तुम्ही दुसरा शब्द वापरायचा नाही.

परप्रांतीयांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. पूर्वी मी आधी मराठीत आणि मग हिंदीत बोलायचो. त्यात दोन तोटे. मराठीवाले दुसऱ्या फेरीत गप्पा मारतात, हिंदीवाले पहिल्या फेरीत. आणि प्रत्यक्ष वेळ आली तर कोण कुठल्या भाषेत ओरडणार ते ठरलेलं नसतं. आता समजावणं लागेल तसं दोन्ही भाषांत करतो, पण आज्ञेचे शब्द सगळ्यांना एकच. आमच्या गेल्या वर्षीच्या टोळीत तिघे झारखंडचे आणि एक नेपाळचा होता. 'बोंब' त्यांना माहीत नव्हता. गावच्या दोघांनी तोंडावर हात मारून दाखवला, सगळे हसले, आणि तो शब्द बाकी दोन शब्दांपेक्षा आधी पाठ झाला. टोळीत जास्त माणसं बाहेरची असतील तर 'रुको, चिल्लाओ, खींचो' घ्या, काही बिघडत नाही. मात्र एका टोळीत एकच संच ठेवा.

शिट्टी नंतर आली, हे कबूल करतो. पहिल्या वर्षी नुसती बोंब ठेवली होती. ब्लोअर चालू करून, पावसात, पत्र्याच्या शेडखाली करून पाहिलं तेव्हा गेटवरच्या वॉचमनला काही ऐकूच गेलं नाही. जूनमध्ये रत्नागिरीत पत्र्यावर पाऊस कसा वाजतो ते तुम्हाला सांगायला नको. पंखा थांबला की वर, हे वाक्यही पावसानेच शिकवलंय. पहिल्या सरीला लाइट जाते, ब्लोअर बंद पडतो आणि आतल्याला वाटतं, येईल दोन मिनिटांत. जनरेटर असला तरी ब्लोअर त्याच्यावर जोडलेला आहे का, ते पाहून घ्या.

आता उदाहरणांविषयी, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. आपल्याकडे जुनी माणसं विहीर उपसायला उतरताना आधी कंदील सोडून बघायची. विझला तर उतरायचं नाही. मला वाटलं, यापेक्षा चांगलं उदाहरण कोकणात कुठलं मिळणार? मी ते मोठ्या रंगात सांगायचो. सगळे ऐकायचे, मान हलवायचे, एकदा एक म्हातारबाबा म्हणालेही, "आमी बी असाच कंदील सोडायचो." पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका खड्ड्यावर मीटर चार्ज झालेला नव्हता. मी पोचलो तेव्हा एकजण दोरीला तेलाचं फडकं बांधून काडी ओढायच्या बेतात होता. साहेबांनीच सांगितलं होतं, म्हणाला.

सडत्या गाळातून मिथेनही निघतो, तो पेटतो. हायड्रोजन सल्फाइड स्वतःसुद्धा पेटतो. आणि ज्योत तेवत राहिली तरी ती फक्त प्राणवायू आहे एवढंच सांगते. माणसाला आडवं करण्याइतका विषारी वायू असतानाही कंदील मजेत जळत राहील. म्हणजे माझ्या उदाहरणाने दोन चुकीच्या गोष्टी शिकवल्या, आणि तीही मन लावून. तेव्हापासून मी उदाहरणाची एकच परीक्षा करतो: ऐकणाऱ्याने यातलं दिसलेलं कृत्य तसंच्या तसं केलं तर काय होईल? माणसाला गोष्टीचं तात्पर्य आठवत नाही, त्यातली हालचाल आठवते. सुकटीच्या उदाहरणात करण्यासारखं काही नाही, फक्त कळण्यासारखं आहे. सोड्याच्या बाटलीतही तसंच. शास्त्र काटेकोर पाहिलं तर सुकटीच्या वासाला नाक सरावतं आणि या वायूने नाक बधिर होतं, दोन्ही एक नव्हेत. टाकीपाशी तेवढा फरक चालतो, कारण त्यातून निघणारी कृती बरोबर आहे: नाकावर विश्वास ठेवायचा नाही.

मेलेल्या माणसाची गोष्ट सांगावी का, असं तुम्ही पुढे विचाराल. मी सांगत नाही. आधी सांगायचो. रक्त आणि रडणं ऐकून माणसं एकदम गप्प होतात, आणि आपल्याला वाटतं परिणाम झाला. पण काहीजण घाबरून मनातून ऐकणंच बंद करतात, आणि काहीजण 'तो कच्चा होता' म्हणून स्वतःला वेगळं काढतात. शिवाय ज्याने कोणी गमावलं आहे असा माणूस त्या आठजणांत असू शकतो. अपवाद एकच. टोळीतला कोणी जुना खलाशी स्वतःहून सांगू लागला की बोटीच्या मासळीच्या कप्प्यात उतरताना त्याच्याबरोबरचा कसा भोवंडून पडला, तर मी मध्ये बोलत नाही. बोटीवरही तोच वायू आणि तोच सापळा, फक्त जागा वेगळी. आणि माझ्या भाषणापेक्षा त्याच्या चार वाक्यांना वजन जास्त.

आता उरलेली पाच मिनिटं. त्यात 50 किलोचं मिठाचं पोतं लागतं. पोत्याला हार्नेस घालायचा, टाकीत किंवा शेजारच्या मोकळ्या खड्ड्यात सोडायचं, आणि मग बाहेरच्याला अचानक म्हणायचं, पडला. तो काय करतो ते बघायचं. पहिल्यांदा दोघेजण दोर नुसत्या हाताने ओढायला लागतात आणि चार मीटरवरून पोतं हलतही नाही. तिथे त्यांना विंच कशाला ते कळतं, मला सांगावं लागत नाही. खरा माणूस पोत्याहून जड असतो आणि तो मॅनहोलच्या कडेला अडकतो, म्हणून दोराचा हुक हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला, कमरेच्या पट्ट्याला नाही. कमरेला लावला तर माणूस आडवा वर येतो आणि तोंडाशी अडकून बसतो. हे बोलून कोणालाच पटत नाही. पोतं एकदा आडवं अडकलं की लगेच पटतं.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही स्पष्ट सांगतो. 'ओढ' हा शब्द फक्त तिथेच चालतो जिथे दोर सरळ वर येतो. तुमच्या टाकीत आडव्या भिंती असतील, माणूस मॅनहोलपासून पाच-सहा मीटर बाजूला जाणार असेल, तर दोर कोपऱ्याला अडकेल आणि तो शब्द खोटा ठरेल. तिथे हवेचा सिलिंडर असलेलं श्वसनयंत्र घातलेला, सराव केलेला बचावाचा माणूस तयार बसलेला पाहिजे. आणि मग बाहेरच्याचा तिसरा शब्द 'ओढ' नसून 'बोलाव' होतो. साधा कापडी मास्क किंवा डबीवाला मास्क याचा तिथे उपयोग नाही. कापडी मास्क गॅस अडवत नाही, डबीवाला प्राणवायू बनवत नाही.

त्याआधीचा प्रश्न, उतरायचं कशाला? गाळ वरून पाण्याचा फवारा मारून पातळ करून पंपाने किंवा सक्शनच्या गाडीने ओढता येत असेल तर ऐंशी टक्के काम बाहेरून होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही तसं केलं आणि आत उतरण्याचे तास तीन दिवसांवरून अर्ध्या दिवसावर आले. भाषण सुधारण्यापेक्षा हे जास्त मोलाचं आहे. तुम्ही नवीन आहात, व्यवस्थापकाशी खर्चावरून वाद होईल, पण सक्शन गाडीचं भाडं आणि आठजणांची तीन दिवसांची मजुरी एका कागदावर मांडून दाखवा. फरक वाटतो तेवढा नसतो.

आणि परवानगीपत्र. 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 36 पासून हे स्पष्ट आहे: सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून जागा गॅसमुक्त असल्याचं लेखी प्रमाणपत्र दिलेलं हवं, नाहीतर आत जाणाऱ्याने श्वसनयंत्र आणि दोराला बांधलेला पट्टा घातलेला हवा, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्याच्या हातात हवं. प्रमाणपत्र असलं तरी गाळाच्या टाकीत मी दोर सोडत नाही, सोड्याच्या बाटलीमुळे. तपासणी वर, मध्ये आणि तळाला, तिन्ही ठिकाणी. आधी प्राणवायू, मग पेटणारे वायू, मग विषारी. हा क्रम ठेवायचं कारण असं की पेटणाऱ्या वायूचा सेन्सर प्राणवायू पुरेसा नसेल तर चुकीचा आकडा दाखवतो. प्राणवायू 20.9 टक्के असायला हवा. 19.5 च्या खाली गेला तर कोणी उतरत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून तपासणी. सुट्टीत कोणीतरी ब्लोअर बंद करतोच, आवाजाने जेवता येत नाही म्हणून. जेवणानंतर मी भाषण देत नाही, पण झाकणापाशी उभा राहून तेवढं विचारतो: मीटर वाजला? पंखा थांबला? आतला पडला? अर्ध्या मिनिटाचं काम.

मीटर नसेल, किंवा असेल पण गेल्या वर्षभरात कॅलिब्रेट केलेला नसेल, तर भाषण देऊच नका. चांगलं भाषण दिलं की माणसं धीराने उतरतात. नसलेल्या व्यवस्थेला आपल्या शब्दांचं बळ देऊ नये. मी एकदा तसं दिलंय. काही झालं नाही, पण तो दिवस अजून आठवतो.

बाहेरच्या माणसाबद्दल एक राहिलं. टाकीच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस टोळीत सगळ्यात लहान किंवा सगळ्यात म्हातारा असतो, कारण त्याच्याकडे 'काम नाही' असं सगळे समजतात. म्हणून चहा आणायलाही त्यालाच पाठवतात. मी त्याला केशरी जाकीट घालतो आणि सगळ्यांसमोर सांगतो, हे जाकीट टाकीपासून हलणार नाही, हलायचं असेल तर आधी आतला वर येईल आणि मग जाकीट दुसऱ्याच्या अंगावर जाईल. चहा मुकादम आणेल. हे मुकादमाला आवडत नाही. आणायचा तोच.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: आदल्या दिवशी मुकादमाशी शब्द ठरवणं, सकाळी टाकीपाशी पाच मिनिटं, मग पोत्याचा सराव, मग सही. सही शेवटी, आणि ज्याने पोतं वर काढून दाखवलं त्याची.

पोत्याला लागणारा वेळ लिहून ठेवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी 'पडला' म्हटल्यापासून पोतं वर यायला चार मिनिटांच्या वर लागली. माणसं सगळी बरोबर वागली होती, थांबली, शिट्टी मारली, विंचकडे धावली. विंचचं हँडल स्टोअरमध्ये होतं, कुलपात, आणि चावी ज्याच्याकडे तो जेवायला घरी गेला होता. आता ते हँडल साखळीने ट्रायपॉडलाच बांधलेलं असतं.